'बसस्थानकावरील एक तास': निबंधाच्या सहा तासिका कशा आखायच्या

नव्या मराठी शिक्षकाचा निबंधाचा पहिला तास बहुतेक वेळा असा जातो. फळ्यावर विषय लिहायचा. 'सांगा बघू, काय काय लिहिता येईल?' असं विचारायचं. पुढच्या बाकांवरचे चौघं बोलतात, फळ्यावर आठ मुद्दे उतरतात आणि घंटा झाली की 'घरून लिहून आणा'. चार दिवसांनी ४२ वह्या येतात आणि त्यांत एकच निबंध ४२ वेळा लिहिलेला असतो. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. मुलं कॉपी करतात म्हणून त्यांच्यावर चिडलोसुद्धा. पण कॉपी त्यांनी माझ्याच फळ्यावरून केली होती, हे फार उशिरा ध्यानात आलं.

इथे आठवीच्या वर्गासाठी सहा तासिकांची आखणी दिली आहे. तासिका ३५ मिनिटांची, वर्ग चाळीस-पंचेचाळीस मुलांचा, माध्यम मराठी. आठवड्याला तीन तासिका अशा दोन आठवड्यांत ती बसते. विषय मुद्दाम जुनाच घेतला आहे, 'बसस्थानकावरील एक तास'. हा विषय प्रत्येक मार्गदर्शकात (म्हणजे गाइडात) असतो, त्यामुळे मुलांचं स्वतःचं लेखन कुठे सुरू झालं आणि गाइड कुठे संपलं, हे लगेच ओळखू येतं. 'एके दिवशी मी मामाच्या गावी जाण्यासाठी बसस्थानकावर गेलो' हे वाक्य आलं की समजायचं, अजून गाइडच चाललंय.

आखणीचा कणा इतकाच, की प्रत्येक तासिकेच्या शेवटी मुलाच्या हातात काहीतरी लिहिलेलं उरलं पाहिजे आणि पुढची तासिका त्याच कागदावर सुरू झाली पाहिजे. यादीतून चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांतून कच्चा खर्डा, त्या खर्ड्यावर आलेल्या प्रश्नांतून दुसरा खर्डा. मधली एक कडी तुटली की मूल परत फळ्याकडे बघायला लागतं.

सुरू करण्याआधी

आठ दिवस आधी घरचा अभ्यास द्या: एसटी स्टँडवर अर्धा तास थांबून या. गावात स्टँड नसेल तर थांबा चालेल, रेशन दुकानासमोरची किंवा सरकारी दवाखान्यातली रांगही चालेल. माणसं कशाची तरी वाट बघत आहेत अशी जागा हवी, एवढंच. तिथे काही लिहायचं नाही, बघायचं आणि ऐकायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी जुना प्रसंग आठवावा.

दुसरी तयारी कागदाची. शाळेची निबंधवही या सहा तासांत कपाटातच राहू द्या. ती मुलांच्या लेखी 'पक्की' वही असते. तीत खाडाखोड केली तर ओरडा बसतो हे ती चौथीपासून शिकलेली असतात, म्हणून तीत सुचलेलं बदलायला धजत नाहीत. कच्चं काम पाठकोऱ्या कागदांवर किंवा रफ वहीत, एक ओळ सोडून आणि डावीकडे रुंद समास ठेवून करायचं. सोडलेली ओळ पाचव्या तासिकेला लागते. ती नसेल तर मुलं दुरुस्ती करत नाहीत, पुन्हा सगळं उतरवून काढतात.

आणि तुम्ही स्वतः या विषयावर दहा मिनिटं लिहून बघा. तुमचा तो अर्धवट खर्डा चौथ्या तासिकेला उपयोगी पडणार आहे, फाडू नका.

पहिली तासिका: यादी

अभ्यासक्रमात याला विचारमंथन म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ते तोंडी होतं. मी ते आधी मुक्याने करायला लावतो. पहिली सात मिनिटं वर्गात कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपल्या रफ वहीत स्टँडवर दिसलेलं, ऐकलेलं, वास आलेलं एकाखाली एक लिहायचं, किमान १० नोंदी. पूर्ण वाक्यं नकोत. यामुळे मागच्या बाकावरच्या मुलाकडेही स्वतःचं काहीतरी साठतं, पुढचे चौघं बोलण्याआधीच.

मुलं पहिल्यांदा काय लिहितात ते ठरलेलं आहे: 'खूप गर्दी होती', 'सगळीकडे कचरा', 'गोंगाट'. या नोंदी नाहीत, निष्कर्ष आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारत बाकांमधून फिरायचं: 'कशावरून?' गर्दी होती हे कशावरून कळलं? 'बस फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकत होते.' ही झाली नोंद. गोंगाट कशावरून? 'लाउडस्पीकरवर गाडीचं नाव सांगितलं, ते कुणालाच कळलं नाही.' हीसुद्धा.

सात मिनिटांनंतर शेजाऱ्याला आपली यादी सांगायची, प्रत्येकी तीन मिनिटं. सांगताना नवीन आठवतं, ते यादीत घालायचं. फळा सगळ्यात शेवटी वापरायचा, आणि त्यावर मुद्दे लिहायचे नाहीत, प्रश्न लिहायचे: कोण होतं? त्याच्या हातात काय होतं? ते काय बोललं? जसंच्या तसं कसं बोललं? या तासाभरात काय बदललं? शेवटची दहा मिनिटं या प्रश्नांवरून यादी वाढवण्यासाठी.

आमच्या वर्गातल्या एका मुलाची यादी पुढे उदाहरण म्हणून वापरतो. तीत हे होतं: चौकशीच्या खिडकीपुढचा घोळका, फाटका लाउडस्पीकर, फलाटावर झोपलेलं कुत्रं, शेंगदाण्याच्या पुड्या, बाबांचं सारखं घड्याळात बघणं, खिडकीतून टाकलेले रुमाल, प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्ड घेऊन उभी असलेली एक आजी, डिझेलचा वास, चप्पल तुटलेला मुलगा, उशिरा आलेली बस, कंडक्टरची शिटी.

दुसरी तासिका: चिठ्ठ्या

या तासाला मुलं नोंदी टाकून द्यायला शिकतात, आणि ते त्यांना फार जड जातं. इतकं कष्टाने आठवलेलं सोडायचं कसं?

प्रत्येक नोंद एका छोट्या चिठ्ठीवर उतरवायची. एका पाठकोऱ्या पानाचे आठ तुकडे होतात, दोन पानं पुरतात. चिठ्ठ्या बाकावर पसरायच्या आणि ज्या एका चिठ्ठीबद्दल सगळ्यात जास्त सांगता येईल ती मध्ये ठेवायची. मग बाकीच्यांतली प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन विचारायचं, हिचं मधल्या चिठ्ठीशी काही नातं आहे का? नसेल तर ती पाकिटात. पाच-सहा चिठ्ठ्या उरल्या की थांबायचं.

आपल्या मुलाने आजीची चिठ्ठी मध्ये ठेवली. लाउडस्पीकर राहिला, कारण आजीला गाडी कळत नव्हती ती त्याच्यामुळेच. रुमाल राहिले, कंडक्टर राहिला, उशिरा आलेली बस राहिली. कुत्रं, शेंगदाणे, चप्पल आणि बाबांचं घड्याळ पाकिटात गेलं. कुत्र्यासाठी तो दोन मिनिटं भांडला.

उरलेल्या चिठ्ठ्यांना क्रमांक द्यायचे. आठवीत बहुतेक मुलं वेळेचा क्रम घेतात, घेऊ द्या. तास संपताना प्रत्येकाने एक वाक्य पूर्ण करायचं: 'मला या तासाभरात … हे दिसलं.' आपल्या मुलाने लिहिलं, 'मला एका आजीला बस मिळते की नाही हे दिसलं.' वाक्य वेडंवाकडं आहे, पण निबंध कशाबद्दल आहे हे त्याला कळलं. ज्याच्या वाक्यात 'जीवनाचे दर्शन घडले' असं काही येईल, त्याच्या बाकाशी पुढच्या तासाला आधी जा.

तिसरी तासिका: कच्चा खर्डा

पंचवीस मिनिटं सलग लिहायचं. सूचना तीनच. पहिल्या चिठ्ठीपासून थेट सुरुवात करायची, प्रस्तावना नाही. शब्द आठवला नाही किंवा ऱ्हस्व-दीर्घ कळलं नाही तर शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं. आणि खोडायचं ते एका आडव्या रेघेनं, गिरवून काळं करायचं नाही, कारण खोडलेलं पुन्हा लागू शकतं.

तुम्हीही त्यांच्याबरोबर लिहा. शिक्षक खुर्चीत बसून लिहितोय हे पाहिल्यावर 'सर, किती ओळी?' हा प्रश्न कमी येतो. साधारण दहाव्या मिनिटाला काही मुलं पेन ठेवून 'झालं' म्हणतात. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एकेका वाक्यात उरकलेल्या असतात. त्यांना पुढे लिहायला न सांगता मधली चिठ्ठी परत हातात द्या: 'फक्त हिच्याबद्दल, त्या पाच मिनिटांबद्दल लिही.'

आपल्या मुलाचा खर्डा असा उतरला:

'त्या दिवशी स्टँडवर खूप गर्दी होती. लाउडस्पीकरवर काय सांगत होते ते कळत नव्हते. एक आजि सगळ्यांना सारखं विचारत होती. तिच्या हातात पिशवीत आधारकार्ड होते. मग बस उशीरा आली. सगळे पळाले. लोकांनी रुमाल टाकले. आजि मागे राहिली. मला खूप वाईट वाटले. मग कंडक्टरने तिला बसवले.'

इथे लाल पेन काढण्याचा मोह आवरा. या तासाला शुद्धलेखन दुरुस्त केलंत, तर मूल उरलेले तीन तास त्या दहा वाक्यांना हात लावणार नाही. तपासलेलं म्हणजे संपलेलं, असंच ते धरून चालतं.

चौथी तासिका: वाचणारा आणि ऐकणारा

मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासायच्या म्हटलं की दोनच गोष्टी होतात. एक तर 'छान आहे, अक्षर सुधार' एवढं लिहून वही परत येते. नाहीतर शेजारी हातात पेन्सिल घेऊन वेलांट्या पकडत सुटतो आणि लेखक रडकुंडीला येतो. दोन्हीचं कारण एकच: आपण मुलांच्या हातात वही देतो. वही समोर आली की डोळ्याला आधी अक्षर आणि चुकाच दिसतात.

म्हणून पहिल्या फेरीत वहीची अदलाबदल नाही. लेखकाने आपला खर्डा मोठ्याने वाचायचा आणि जोडीदाराने फक्त ऐकायचं. ऐकताना वेलांटी दिसत नाही, त्यामुळे त्याला मजकुराबद्दलच बोलावं लागतं. वाचणाऱ्यालाही आपलं अडखळलेलं वाक्य स्वतःच्या कानांनी कळतं.

ऐकणाऱ्याने दोन कामं करायची. आधी, काय दिसलं ते दोन वाक्यांत सांगायचं: 'तू सांगितल्यावर मला … दिसलं.' मग दोन खरे प्रश्न विचारायचे. खरा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही असा. 'असं लिहायला हवं होतं ना?' ही सूचना झाली, तिच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह लावलंय. लेखकाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, प्रश्न समासात लिहून घ्यायचे. तोंडी उत्तर दिलं की ते कागदावर येत नाही.

हे सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. तासाची पहिली बारा मिनिटं तुमच्या खर्ड्याला द्या. तुम्ही तो वाचा आणि वर्गाला प्रश्न विचारू द्या. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका मुलीने विचारलं, 'सर, तुम्ही कुठल्या गावाला चालला होता?' ते मी लिहिलंच नव्हतं. मी समासात लिहून घेतलं. त्यानंतर मुलांना एकमेकांचे प्रश्न टोचले नाहीत.

जोड्या आदल्या दिवशी कागदावर ठरवून ठेवा. सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कच्चं मूल एकत्र बसवू नका. हुशार मूल सरळ दुसऱ्याचा निबंध लिहून देतं. जिवलग मित्रही नकोत, ते दोन मिनिटांत संपवून गप्पा मारतात. साधारण बरोबरीची, पण रोज शेजारी न बसणारी मुलं एकत्र आणा. पट विषम असेल तर एक गट तिघांचा. वीस जोड्या एकदम वाचू लागल्या की खोलीत कल्ला होतो. निम्म्या जोड्या व्हरांड्यात पाठवा, आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

आपल्या मुलाच्या जोडीदाराने सांगितलं, 'मला आजी आणि तिचं आधारकार्ड दिसलं. स्टँड नाही दिसलं.' आणि प्रश्न विचारले: 'आजी काय विचारत होती?' 'तुला वाईट वाटलं, मग तू काय केलंस?'

दुसरा प्रश्न त्याने समासात लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मी तिथून पुढे गेलो.

जोड्या चालू असताना तुम्ही प्रत्येक जोडीत शिरायचं नाही. सगळ्या जोड्यांपाशी दोन मिनिटं थांबायला वेळच नसतो. आठ-दहा जोड्यांपाशी थांबा, समासात काय लिहिलंय एवढंच बघा. समास कोरा असेल किंवा त्यात 'छान' लिहिलेलं असेल, तर ऐकणाऱ्याला सांगा: 'त्यात माणूस कोण आहे? त्याच्याबद्दल तुला काय कळलं नाही?' बहुतेकदा एवढ्याने गाडी हलते.

पाचवी तासिका: दुसरा खर्डा

नियम असा, की समासातल्या निदान एका प्रश्नाचं उत्तर खर्ड्यात आलंच पाहिजे आणि निदान एक वाक्य खोडलं गेलं पाहिजे. सोडलेल्या ओळी इथे कामी येतात. नवीन मजकूर त्या ओळीत लिहायचा आणि जिथे घुसवायचा तिथे हंसपद (^) काढायचं. हे चिन्ह मुलांना फार आवडतं. मोठा मजकूर असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून टाचायचा.

सुरुवात आणि शेवट आता लिहायचे. निबंधात काय आहे हे कळल्यावर कुठून आत शिरायचं ते ठरवणं सोपं जातं. एक युक्ती: खर्ड्यातलं सगळ्यात जिवंत वाक्य शोधायचं आणि ते पहिलं करून बघायचं. नाही जमलं तर परत जागेवर.

आपल्या मुलाचा दुसरा खर्डा:

'"बाळा, ही जामखेडला जाती का रं?" आजी मला तिसऱ्यांदा विचारत होती. लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं सांगत होते, पण सगळी सारखीच ऐकू येत होती. पंचाहत्तर वर्षांच्या पुढे तिकीट लागत नाही म्हणून तिने आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरले होते. अर्ध्या तासाने बस आली. मी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. जागा मिळाली. मग मागे बघितले तर आजी अजून फलाटावरच होती, कार्ड वर धरून. दार गर्दीने भरले होते. कंडक्टरने शिटी वाजवली, खाली उतरला आणि तिला हाताला धरून वर घेतले. मी माझा रुमाल उचलला. आजी तिथे बसली.'

'मला खूप वाईट वाटले' आपोआप गेलं. ते काढ असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर लिहिल्यावर त्या वाक्याची गरज उरली नाही. सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगून ठेवतो. वर्गातल्या पाच-सहा मुलांचा दुसरा खर्डा म्हणजे पहिल्याचीच सुवाच्य नक्कल असते. ती ओळखायची सोपी खूण: दोन्ही खर्ड्यांतली वाक्यं मोजा. संख्या आणि क्रम तोच असेल तर ते मूल अजून चौथ्याच तासिकेत आहे. त्याला तुमच्यासमोर बसवून तुम्हीच एक प्रश्न विचारा.

सहावी तासिका: आता वेलांट्या

आता कागदांची अदलाबदल, आणि जोडीदार नवा. शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम एका तासात तपासायला लावले तर मुलं काहीच नीट तपासत नाहीत. त्यांच्याच खर्ड्यांत वारंवार दिसलेल्या तीन गोष्टी निवडा. माझ्या वर्गात बहुतेक वेळा याच निघतात:

- शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ: आजी, गाडी, कवी, गुरू. 'आणि' हा अपवाद, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.
- प्रत्यय लागला की मधला दीर्घ ऱ्हस्व होतो: बहीण–बहिणीला, फूल–फुलांची, उशीर–उशिरा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर–शरीराला.
- बोललेलं वाक्य अवतरणचिन्हांत.

तपासणाऱ्याने शेवटच्या वाक्यापासून सुरू करून उलट वर यायचं. सरळ वाचलं की गोष्टीत मन गुंततं आणि चूक निसटते. चूक दिसली तर पेन्सिलने शब्दाखाली फक्त ठिपका द्यायचा. दुरुस्ती लेखकच करतो. ठिपका चुकीचा वाटला तर दोघांनी मिळून शब्दकोश बघायचा, एक प्रत टेबलावर ठेवा.

बोलीचा प्रश्न इथे हमखास उभा राहतो. जोडीदाराने आजीच्या 'जाती का रं' खाली ठिपका दिला होता. आमच्या वर्गात आधीच ठरलं आहे: अवतरणाच्या आतलं बोलणं जसं कानावर आलं तसं राहील, बाहेरचं निवेदन प्रमाणभाषेत. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो हा तास सुरू होण्याआधी सांगा. नाहीतर जी मुलं घरी तसंच बोलतात त्यांना वाटतं की आपली आजीच चुकली.

यानंतर कपाटातून निबंधवही निघते आणि पक्की प्रत घरी लिहून होते. गुण देताना दोन्ही खर्डे पक्क्या प्रतीला टाचून मागवा. मी दहापैकी चार गुण दोन खर्ड्यांमधल्या बदलाला देतो आणि दोन गुण त्या मुलाने दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नांना. त्यासाठी समासात प्रश्नाशेजारी विचारणाऱ्याचा हजेरी क्रमांक लिहायला लावायचा. उरलेले चार पक्क्या प्रतीचे. खर्डे आधीच पाहिलेले असल्याने एका वहीला तीन-चार मिनिटं पुरतात.

सहा तासिका दर निबंधाला मिळणार नाहीत. सत्रात एकदाच हे पूर्ण करा आणि पुढच्या निबंधांना कापून वापरा: यादी, निवड आणि ऐकण्याची फेरी ठेवा, बाकीचं घरी. नववी-दहावीत वैचारिक लेखन येतं तेव्हा ऐकणाऱ्याचे प्रश्न बदलतात. तिथे 'मग काय झालं?' ऐवजी 'कशावरून?' आणि 'याच्या उलट कुणी म्हणालं तर?' हे दोन चालतात. परीक्षेत जोडीदार नसतो. तिथे पहिली तीन मिनिटं उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर 'कच्चे काम' असं लिहून यादी करायची, निम्मी खोडायची, उरलेल्यांना क्रमांक द्यायचे. पूर्वपरीक्षेच्या वेळी मागची पानं उलटून बघा. तिथे खोडलेली यादी किती मुलांकडे सापडते, त्यावरून पुढच्या वर्षी चिठ्ठ्यांच्या तासाला किती वेळ द्यायचा ते ठरवता येतं.